महापेची ऑफर, वागळेची नोकरी : नकार कळवण्याचे एक प्रकरण

हे प्रकरण समजावून सांगण्यासाठी रचलेले आहे, पण ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कुठल्याही एचआर विभागाला ते ओळखीचे वाटेल. उमेदवार बत्तीस वर्षांची, राहायला कळव्यात, नोकरीला अंबरनाथच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात. हुद्दा खरेदी विभागात सीनियर एक्झिक्युटिव्ह, नोटीस पिरियड ६० दिवसांचा. तिची दोन ठिकाणी एकाच वेळी बोलणी सुरू होती. एक महापे एमआयडीसीतली पंप बनवणारी कंपनी, तिथे एका कन्सल्टंटने तिचा सीव्ही पाठवला होता. दुसरी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधली इलेक्ट्रिकल पॅनेल बनवणारी कंपनी, तिथे तिने स्वतः अर्ज केला होता.

महापेला तीन फेऱ्या झाल्या. तिसरी फेरी कारखान्यातच, खरेदी प्रमुखांसोबत. त्यांनी दीड तास वेळ दिला, शॉप फ्लोअर फिरवून दाखवला आणि निघताना विचारले, "ऑफर काढली तर येणार ना? ऐन वेळी मागे फिरू नका." ती म्हणाली, "हो सर, नक्की." पुढच्या सोमवारी ऑफर आली. वर्षाला ९ लाख २० हजार, त्यात ८० हजार व्हेरिएबल, सही करून पाठवायची मुदत शुक्रवार संध्याकाळ. दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, वागळेची ऑफर आली. ८ लाख ९० हजार, सगळे फिक्स्ड, आणि काम नवे व्हेंडर शोधून उभे करण्याचे. अंबरनाथला इतकी वर्षे ती फक्त ऑर्डर काढत आणि पाठपुरावा करत होती. तिने मंगळवारी संध्याकाळी वागळेचे पत्र सही करून पाठवले. महापेला नकार कळवायचा राहिला.

खरेदीचे क्षेत्र आहे म्हणून हा नकार जास्त जपून द्यावा लागतो. कास्टिंगवाले, मशीनिंगवाले, फास्टनरवाले या पट्ट्यात बरेचसे सामाईक असतात. आज ज्या खरेदी प्रमुखांना नाही म्हणायचे, ते दोन वर्षांनी एखाद्या व्हेंडरच्या ऑडिटला समोर बसलेले असतात, किंवा तिच्याच कंपनीत रुजू होतात. "ती आमच्याकडे येणार होती" हे वाक्य ते कोणत्या सुरात म्हणतील, ते या आठवड्यात ठरते. आणि गोड शब्दांपेक्षा ते वेगावर आणि खरेपणावर जास्त अवलंबून असते.

नकार कधी द्यायचा

पहिली अट अशी की हातात पत्र असल्याशिवाय दुसरीकडे नकार देऊ नये. "तुमचे फायनल झाले आहे, लेटर उद्या येईल" हा फोन म्हणजे ऑफर नव्हे. तो 'उद्या' अनेकदा मंजुरीत अडकतो. तिने वागळेच्या पत्रात पाच गोष्टी पाहिल्या: स्वतःचे नाव आणि पद बरोबर आहे का, वार्षिक रकमेची फोड दिली आहे का, कामाचे ठिकाण लिहिले आहे का, रुजू होण्याची तारीख ६० दिवसांच्या नोटिशीत बसते का, आणि ऑफर कोणत्या अटीवर आहे. पार्श्वभूमी तपासणी आणि वैद्यकीय तपासणी या अटी बहुतेक पत्रांत असतातच. अनुभवाचे दाखले, पगाराच्या स्लिपा, पीएफची नोंद हे सगळे एकमेकांशी जुळत असेल, तर तपासणी पूर्ण होईपर्यंत महापेला लटकवून ठेवण्याचे कारण नाही. काही खटकणारे असेल, म्हणजे एखाद्या जुन्या नोकरीची तारीख सीव्हीत चुकली असेल, तर ते वागळेच्या एचआरला आधीच सांगावे. दुसरी ऑफर खिशात ठेवून त्यावर उपाय होत नाही.

सही केलेले पत्र मिळाले, असा वागळेचा उलट मेल आला की महापेचा फोन करायचा. संध्याकाळी आला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. इथे बरेच जण अडखळतात. "शुक्रवारपर्यंत मुदत आहे ना, मग शुक्रवारी बघू," किंवा त्याहून वाईट म्हणजे महापेच्या पत्रावरही सही करून ठेवायची आणि रुजू व्हायच्या दिवशी फोन बंद. हा सल्ला मित्रमंडळींत सर्रास दिला जातो, कारण कंपन्याही शेवटच्या क्षणी ऑफर मागे घेतात. तसे होते, हे खरे. पण त्याची किंमत कोण भरते ते पाहायला हवे. महापेच्या प्रमुखांकडे तिच्या खालोखाल आवडलेला दुसरा उमेदवार असणार. तोही इतर ठिकाणी मुलाखती देत असतो, त्यामुळे तो काही दिवसच मोकळा असतो. बुधवारी कळले तर प्रमुख त्याला त्याच दिवशी फोन करू शकतात. दोन महिन्यांनी कळले तर जाहिरातीपासून सुरुवात, मग मुलाखती, मग नव्या माणसाची ६० किंवा ९० दिवसांची नोटीस. तेवढे महिने ती खुर्ची रिकामी राहते आणि काम विभागातल्या इतरांवर पडते. बुधवारचा नकार प्रमुख विसरून जातात. दोन महिन्यांनंतरचा लक्षात राहतो, शिवाय एचआरकडे उमेदवाराच्या नावापुढे 'रुजू झाला नाही' असा शेरा पडतो. 'ऑफर नाकारली' आणि 'रुजू झाला नाही' या दोन शेऱ्यांकडे पुढच्या वेळी अगदी वेगळ्या नजरेने पाहिले जाते.

आधी कोणाला

महापेच्या बाजूला तीन माणसे आहेत: खरेदी प्रमुख, एचआर आणि कन्सल्टंट. रीतसर उत्तर एचआरला जायचे, कारण पत्र त्यांचे. पण जिव्हाळा जमला तो प्रमुखांशी, आणि "हो सर, नक्की" हे शब्दही त्यांनाच दिले होते. म्हणून पहिला फोन प्रमुखांना, त्यानंतर लगेच कन्सल्टंटला, आणि अर्ध्या तासाच्या आत एचआरला मेल. तिन्ही गोष्टी एका बैठकीत उरकायच्या, म्हणजे कोणालाही दुसऱ्याकडून कळत नाही.

कन्सल्टंटला आधी का नाही, याला कारण आहे. त्याची फी सहसा वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराइतकी असते आणि ती उमेदवार रुजू झाल्यावरच मिळते. ९ लाख २० हजारांवर हे सुमारे ७७ हजार रुपये होतात. त्याला आधी सांगितले की तो म्हणणार, "थांबा मॅडम, सरांना काही बोलू नका, मी आकडा वाढवून आणतो." मग तो कंपनीत काय सांगेल यावर तिचा ताबा राहत नाही. नकाराचे रूपांतर 'कँडिडेट पैशांसाठी अडून बसली आहे' यात व्हायला एक फोन पुरतो. यात त्याचा वाईट हेतू असतो असे नाही, त्याचा धंदाच तसा आहे. पण त्याला वगळूही नये. पुढची नोकरी कदाचित त्याच्याकडूनच येईल, आणि कंपनीने त्याला विचारले तेव्हा तो अंधारात असला तर त्याची फजिती होते. तिने त्याला सांगितले ते एवढेच: "सरांशी आत्ताच बोलले, आणि लगेच तुम्हाला फोन केला. मी दुसरीकडे सही केली आहे, त्यामुळे आता आकड्याचा प्रश्न नाही. तुम्ही माझ्यासाठी धावपळ केलीत, त्याबद्दल थँक यू."

प्रमुखांचा नंबर तिच्याकडे होता, कारण कारखान्याच्या गेट पाससाठी त्यांनी तो दिला होता. नंबर नसेल तर एचआरला फोन करून, "निर्णय कळवायचा आहे, सरांशी दोन मिनिटे बोलता येईल का?" असे विचारावे. नाही म्हणाले तर एचआरलाच सांगून मेलमध्ये प्रमुखांना प्रत ठेवावी. नंबरासाठी रिसेप्शनवर खटपट करू नये. आणि ऑफर कोणा ओळखीच्या माणसाच्या शब्दावर आली असेल, तर कन्सल्टंटच्या जागी त्या माणसाला फोन, तोही प्रमुखांशी बोलून झाल्यावर त्याच क्षणी. त्याला बाहेरून कळले तर तो जास्त दुखावतो, कारण शब्द त्याने टाकलेला असतो.

फोन

कारखान्यातल्या माणसाला सकाळी नऊ-दहाला फोन करू नये, तेव्हा उत्पादनाची मीटिंग असते. साधारण साडेअकरा किंवा दुपारी चार ठीक. शिवाय एमआयडीसीत सगळ्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारीच असते असे नाही, हे आधी विचारून घ्यावे. सुट्टीच्या दिवशी आलेला नकार उगाचच जास्त बोचतो. फोन उचलला नाही तर व्हॉट्सअ‍ॅपवर नकार लिहायचा नाही. "सर, ऑफरबद्दल दोन मिनिटे बोलायचे होते, आज कधी फोन करू?" एवढेच पाठवायचे. संध्याकाळपर्यंत बोलणे झालेच नाही, तर मेल करायचा आणि त्यात फोन केला होता याचा उल्लेख करायचा. बोलणे होईना म्हणून दिवस पुढे ढकलायचे नाहीत.

तिने बुधवारी साडेअकराला फोन केला.

"सर, नमस्कार. पर्चेसच्या पोझिशनसाठी गेल्या आठवड्यात तुमच्याकडे प्लँटला आले होते ती मी. दोन मिनिटं आहेत का?"

"हां, बोला ना. लेटर मिळालं ना?"

"मिळालं सर, त्याबद्दल थँक यू. पण मी ती ऑफर घेत नाहीये. काल मी दुसऱ्या एका कंपनीचं लेटर सही करून दिलं. तुम्ही विचारलं होतं तेव्हा मी नक्की म्हणाले होते, त्याबद्दल सॉरी. मेल तर करतेच आहे, पण त्याआधी तुम्हाला स्वतः सांगायचं होतं."

पहिल्या अर्ध्या मिनिटात नकार, काय घडले ते आणि दिलगिरी, तिन्ही आले. "विचार करतेय", "जरा अवघड वाटतंय" असे काही नाही. असे शब्द ऐकले की समोरचा समजतो की घासाघीस सुरू झाली, आणि मग तो पुढची दहा मिनिटे तिचे मन वळवण्यात घालवतो. शेवटी नकार ऐकला की ती दहा मिनिटे त्याला अपमानासारखी वाटतात.

"अहो, तुम्ही तर पक्कं म्हणाला होता."

"हो सर, म्हणाले होते. दुसरीकडे बोलणं सुरू आहे हे तेव्हाच सांगायला हवं होतं."

इथे थांबायचे. सबब जोडायची नाही. 'हो सर, नक्की' हे या प्रकरणातले खरे दुखणे आहे, आणि ते टाळता आले असते. शेवटच्या फेरीत असे विचारले तर खरे उत्तर असे असते: "सर, काम मला आवडलंय. अजून एका ठिकाणी बोलणं सुरू आहे, पण ऑफर आली की दोन-तीन दिवसांत हो किंवा नाही नक्की कळवेन." यामुळे निवड होणार नाही ही भीती सहसा निराधार असते. अनुभवी प्रमुखाला चांगला माणूस एकाच ठिकाणी मुलाखत देत नाही हे माहीत असते. पण एकदा शब्द देऊन झाला असेल, तर तो दिला होता हे मान्य करण्याइतके दुसरे काही चालत नाही. "मी तसं म्हणाले नव्हते" हे सगळ्यात वाईट उत्तर.

"मग काय झालं? किती जास्त दिले त्यांनी?"

"आकड्यावरून ठरवलं नाही सर. तिकडे नवे व्हेंडर डेव्हलप करण्याचं काम आहे, पुढची काही वर्षं मला तेच करायचंय."

कारण एकच द्यावे, खरे द्यावे, आणि ते कामाबद्दल असावे, समोरच्या कंपनीबद्दल नसावे. खरे पाहिले तर महापेचा फिक्स्ड भाग ८ लाख ४० हजार होता, वागळेपेक्षा पन्नास हजारांनी कमी. पण हे बोलले की "मग व्हेरिएबल फिक्स्डमध्ये टाकतो" सुरू. पैसे हेच खरे कारण असेल तर "पॅकेजचाही भाग होता" इतके म्हणून थांबावे, आकडा उच्चारू नये.

प्रवासाचे कारण इथे सगळ्यांच्या ओठावर येते, आणि तेच सगळ्यात लंगडे. कळव्याहून महापेला जायचे म्हणजे ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स हार्बर, मग घणसोली किंवा कोपरखैरणेला उतरून रिक्षा. वागळेला ठाणे स्टेशनाहून थेट रिक्षा किंवा टीएमटी. फरक आहेच. पण महापे कुठे आहे हे मुलाखतीला येतानाच माहीत होते. तेव्हा प्रमुखाच्या मनात येते ते हेच, "मग तीन फेऱ्यांना का आलात?" 'घरून नको म्हणाले' किंवा 'आईची तब्येत' ही कारणे त्याहून धोक्याची. दोन महिन्यांनी लिंक्डइनवर नवी नोकरी दिसते, किंवा एखादा व्हेंडरच सांगतो, "मॅडम तर वागळेला आहेत." नकार माफ झालेला असतो, खोटे होत नाही.

"आमच्याकडेही व्हेंडर डेव्हलपमेंट आहे. मी वरती बोलतो, दोन दिवस द्या."

हा क्षण अवघड, कारण समोरून मोठेपणा दाखवला जातो आहे. दोन दिवस घेतले की आपण पुन्हा बाजारात उतरलो.

"तुम्ही म्हणालात हेच खूप आहे सर. पण तिकडे सही केली आहे. ती मोडून तुमच्याकडे आले, तर उद्या तुमच्याकडूनही अशीच जाईन असं तुम्हालाच वाटेल."

"ते बाकी खरं. कुठे जॉइन करताय?"

हे सांगावे की नाही, यावर एक नियम नाही. नवी कंपनी थेट स्पर्धक असेल तर रुजू होईपर्यंत नाव घेऊ नये. इथे पंप आणि पॅनेल यांचा संबंध नाही, पण नोटीस अजून सुरूही झालेली नव्हती. ती म्हणाली, "रुजू झाले की मीच कळवते सर." पुढे ते तिने पाळले, हे जास्त महत्त्वाचे.

मेल

बहुतेक कार्यालयांत हा मेल इंग्रजीत जाईल, पण मजकुराचा क्रम हाच. विषयात पदाचे नाव आणि ऑफर लेटरचा क्रमांक, म्हणजे एचआरला शोधावे लागत नाही. मेल एचआरला, प्रत प्रमुखांना आणि कन्सल्टंटला.

"नमस्कार. सीनियर एक्झिक्युटिव्ह, खरेदी या पदासाठी दिलेल्या ऑफरबद्दल आभार. मी दुसरी ऑफर स्वीकारली असल्याने ही ऑफर स्वीकारू शकत नाही. आज सकाळी सरांशी फोनवर बोलून त्यांना तसे कळवले आहे. प्लँटला आले तेव्हा सरांनी स्टोअरमधली किमान साठ्याची पद्धत वेळ काढून दाखवली, त्यातून बरेच समजले. माझी कागदपत्रे आपल्याकडे आहेत, ती आता लागणार नसल्यास काढून टाकावीत ही विनंती. पुढे कधी एकत्र काम करण्याचा योग आला तर आनंदच होईल."

यात आपलेपणाचे एकच वाक्य आहे, साठ्याच्या पद्धतीचे, आणि ते दुसऱ्या कुठल्या कंपनीला पाठवता येणार नाही. म्हणूनच ते खरे वाटते. 'आपल्या नामांकित संस्थेचा भाग होण्याची संधी' वगैरे लिहिले की एचआर ते वाचतच नाही. कारण मेलमध्ये पुन्हा लिहिलेले नाही. फोनवर सांगून झाले, आणि लेखी कारणावर लेखी प्रश्न येतात. कागदपत्रांची विनंती मात्र करावी, कारण आधार, पॅन आणि पगाराच्या स्लिपा आधीच गेलेल्या असतात.

महापेच्या पत्रावर सही झालेली नव्हती, त्यामुळे कायद्याची अडचण नाही. सही करून परत पाठवले असते तर करार झाला असता आणि आधी त्यातली कलमे वाचावी लागली असती. रुजू न झाल्यास काही रक्कम भरावी लागेल असे कुठे लिहिले आहे का, जॉइनिंग बोनस आगाऊ घेतला आहे का, हे पाहूनच फोन करायचा. मनाविरुद्ध कामावर आणता येत नाही, कारण वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय जबरदस्तीने राबवत नाही. नुकसानभरपाईचा मुद्दा मात्र उरतो. घेतलेला बोनस मागण्याआधीच परत करण्याची तयारी त्या फोनमध्ये सांगावी.

त्यानंतरचे महिने

फोननंतर पंधरा दिवस काही करायचे नाही. लगेच लिंक्डइनवर रिक्वेस्ट किंवा सणाचे मेसेज नकोत. समोरचा तेव्हा दुसऱ्या उमेदवाराच्या मागे असतो. नवी नोकरी लिंक्डइनवर टाकायची ती रुजू झाल्यावर.

मदत करायची तर एकच खरी मदत आहे, ती म्हणजे त्या जागेसाठी माणूस सुचवणे. "कोणी असेल तर सांगते सर" हे नुसते तोंडदेखले बोलू नये. अंबरनाथच्या जुन्या सहकाऱ्याला तिने आधी विचारले, तो तयार झाला, मग त्याचा सीव्ही प्रमुखांना पाठवला. एकच नाव. सोबत दोन ओळी, तो काय चांगले करतो आणि त्याची नोटीस किती आहे. तो घेतला गेला की नाही, याची चौकशी केली नाही.

रुजू झाल्यावर तिने प्रमुखांना मेसेज केला: "सर, वागळे इस्टेटला जॉइन केलं. कळवते म्हणाले होते, म्हणून." उत्तर आले, "छान. ऑल द बेस्ट. आमच्याकडे पण माणूस आला." संबंध टिकला की नाही हे अशा उत्तरावरून ओळखता येते. नुसता अंगठा आला तर सहा महिने गप्प राहावे. स्वतःहून एखादी बातमी जोडली, तर दार उघडे आहे.

खरेदीच्या माणसाला इथे एक मर्यादा पाळावी लागते. ओळख टिकली की काही महिन्यांनी फोन येऊ शकतो, "तुम्ही कॉपर बसबार कितीला घेताय?" व्हेंडर चांगला आहे का, वेळेवर माल देतो का, एवढे सांगायला हरकत नाही. दर सांगायचा नाही, हसत टाळायचा. नव्या कंपनीचे दर बाहेर गेल्याचे कळले तर नोकरी जाते, आणि ज्याला सांगितले तोही मनात नोंद करून ठेवतो की ही दर सांगते.

आणि वागळेची ऑफरच फिसकटली तर? नोटिशीच्या ६० दिवसांत असे होऊ शकते. तेव्हा महापेला परत विचारता येते, पण एकदाच, आणि थेट प्रमुखांना. "सर, तिकडची पोझिशन होल्डवर गेली. तुमच्याकडची जागा भरली असेल हे समजू शकते. नसेल तर त्याच ऑफरवर यायला तयार आहे." 'त्याच ऑफरवर' हे शब्द आधी म्हणायचे, पगाराचा विषय काढायचा नाही. जागा भरलेली असेल, तर ते दुसऱ्या कोणाला फोन लावून देतील की नाही, हे बुधवारी साडेअकराला त्यांना काय सांगितले होते त्यावर ठरते.